वेबपेजवरून उचललेल्या तक्त्यातली ₹, रु. आणि स्वल्पविरामवाली रक्कम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याच्या आसपासच्या तीन-चार काजू कारखान्यांचे हिशेब मी लिहिते. हल्ली बरीचशी विक्री ऑनलाइन होते. महिनाअखेरीला विक्रीचा तक्ता स्क्रीनवरून कॉपी करायचा आणि एक्सेलमध्ये पेस्ट करायचा, हे सगळ्यांचंच काम झालंय. त्यावरून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळीकडे उदाहरण म्हणून एकच छोटा तक्ता घेतलाय. त्यातल्या रकमा समजावण्यापुरत्या आहेत, पण त्या लिहिण्याच्या तऱ्हा मात्र अगदी रोज समोर येणाऱ्या आहेत.

```
     A                  B      C
1    माल                किलो   रक्कम
2    W320               110    ₹1,04,500
3    W240               80     ₹ 86,400
4    पाकळी              57     Rs.42,750.00
5    कणी                20     9,800
6    W210               100    रु. 1,12,000/-
7    परत आलेला माल      5      −₹5,250
```

बेरीज चुकीची येते, पण एरर दिसत नाही. असं का?

एका वहिनींनी मला फोनवर विचारलं होतं, "ताई, सगळे आकडे समोर दिसतत, मगे बेरीज शून्य कित्याक येता?" याचं कारण असं की आपल्याला जो आकडा दिसतो तो एक्सेलच्या लेखी मजकूर असतो. `SUM` हे सूत्र रकान्यातला मजकूर मुकाट्याने वगळतं. ते तक्रार करत नाही, थांबतही नाही, उरलेल्यांची बेरीज करून मोकळं होतं.

बेरीज शून्य आली तर निदान लक्षात तरी येतं. खरा घोटाळा होतो तो काही ओळी आकडा होतात आणि काही मजकूर राहतात तेव्हा. वरचा तक्ता मी एकदा कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर पेस्ट केला आणि `=SUM(C2:C7)` चं उत्तर आलं ९,८००. तोच तक्ता घरच्या लॅपटॉपवर पेस्ट केला तर १,१४,३००. खरी बेरीज आहे ३,५०,२००. कारखान्यातल्या मशीनवर विंडोजच्या `Region` सेटिंगमध्ये प्रदेश अमेरिका होता, म्हणून `₹` हे चिन्ह तिथे परकं ठरलं आणि फक्त बिनचिन्हाची कणीची ओळ मोजली गेली. घरी प्रदेश भारत होता, म्हणून `W320` ची दुसरी ओळही आकडा झाली. बाकीच्या चार ओळी दोन्हीकडे मजकूरच राहिल्या.

१,१४,३०० हा आकडा बघून कोणालाही संशय येणार नाही. मीही तो मालकांना कळवून बसले होते. त्यांनी बँकेचं पासबुक काढलं तेव्हा चूक उघडी पडली. तेव्हापासून पेस्ट केलेल्या तक्त्याची बेरीज तपासल्याशिवाय मी कोणाला सांगत नाही.

कुठली ओळ मजकूर आहे आणि कुठली आकडा, हे ओळखायचं कसं?

आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. पण कोणी आधीच सगळा रकाना मधोमध केलेला असेल तर ही खूण उपयोगाची नाही. भरवशाची तपासणी दोन सूत्रांची आहे:

```
=COUNT(C2:C7)
=COUNTA(C2:C7)
```

`COUNT` फक्त आकडे मोजतं, `COUNTA` भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं. घरच्या लॅपटॉपवर पहिल्याचं उत्तर `2` आणि दुसऱ्याचं `6` होतं, म्हणजे चार ओळी मजकूर. नेमक्या कोणत्या, हे हवं असेल तर शेजारी `=ISNUMBER(C2)` लिहून खाली ओढा. जिथे `FALSE` दिसेल ती ओळ.

चौकटीच्या कोपऱ्यातल्या हिरव्या त्रिकोणावर विसंबू नका. मजकूर अगदी आकड्यासारखा दिसत असेल तेव्हाच तो त्रिकोण येतो, आणि त्यावरचं `Convert to Number` तेवढ्यापुरतं चांगलं चालतं. `रु. 1,12,000/-` सारख्या ओळीला एक्सेल आकड्याच्या जवळपासचंही मानत नाही, त्यामुळे तिथे त्रिकोण उगवतच नाही. त्रिकोण नाही म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ काढला की फसगत झालीच.

एकाच तक्त्यात ₹, Rs. आणि रु. अशी तीन-तीन रूपं कशी काय येतात?

`₹` हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. त्याआधीची सॉफ्टवेअर, बिलांचे नमुने आणि लोकांच्या बोटांतल्या सवयी `Rs.` आणि `रु.` च्या आहेत, आणि त्या अजून चालू आहेत. मराठीत त्यात आणखी एक भर आहे. कोणी `रु.` ऱ्हस्व लिहितं, कोणी `रू.` दीर्घ. वाचणाऱ्याला फरक पडत नाही, पण एक्सेलसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. रकमेच्या शेवटचं `/-` हे चेक आणि पावत्यांवरून आलंय. पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून हाताने मारायची ती रेघ आता टाइप होऊन तक्त्यात येते.

Ctrl+H ने चिन्हं उडवली की काम होत नाही का?

होतं, पण काय उडवता आणि कुठे उडवता यावर सगळं आहे. दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत माणसं पडताना मी बघितली आहेत.

पहिला खड्डा टिंबाचा. समजा तुम्ही `रु` शोधून काढून टाकलं आणि टिंब तसंच राहिलं. सहाव्या ओळीत उरलं `. 1,12,000/-`. पुढे मोकळ्या जागा, स्वल्पविराम आणि `/-` काढलंत की राहतं `.112000`. एक्सेलच्या दृष्टीने हा अगदी कायदेशीर आकडा आहे, ०.११२. एक लाख बारा हजारांचे अकरा पैसे झाले आणि कुठेही एरर नाही. चौथ्या ओळीत मात्र `Rs` काढल्यावर `.42750.00` असं दोन टिंबांचं काहीतरी उरतं, ते आकडा होत नाही, म्हणून निदान डोळ्यांत भरतं. बरं, मग सगळीच टिंबं उडवली तर? `42,750.00` चे झाले `4275000`. बेचाळीस हजारांचे बेचाळीस लाख. म्हणून `रु.` आणि `Rs.` टिंबासकट एकच शब्द समजून काढायचे, सुटं टिंब कधीच काढायचं नाही.

दुसरा खड्डा रकाना न निवडण्याचा. एका मुलाने "अंक सोडून सगळं काढ" अशी युक्ती पूर्ण शीटवर चालवली. `W320` ही काजूची प्रत आहे, एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर बसतात म्हणून ते नाव. त्याच्या शीटमध्ये प्रतीच्या जागी नुसते `320`, `240`, `210` उरले आणि ते किलोच्या आकड्यांसारखे दिसायला लागले. बागेच्या नोंदींत तर याहून वाईट होतं. `वेंगुर्ला-7` हे काजूच्या जातीचं नाव, अंक आणि वजाचिन्ह ठेवून बाकी काढलं की उरतं `-7`. आधी रकमेचा रकाना निवडा, मगच `Ctrl+H` दाबा.

मग तुम्ही स्वतः कोणत्या पद्धतीने साफ करता?

मूळ रकान्याला हात लावत नाही. शेजारी तीन रकाने घेऊन टप्प्याटप्प्याने जाते. एकाच लांबलचक सूत्रातही हे बसतं, पण बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळत नाही.

पहिला टप्पा `D2` मध्ये. इथे डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि फसव्या खुणा बदलायच्या:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,UNICHAR(160),""),UNICHAR(8722),"-")
```

१६० म्हणजे वेबपेजवरची न तुटणारी मोकळी जागा, ८७२२ म्हणजे छपाईतलं वजाचिन्ह. या दोघांबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

दुसरा टप्पा `E2` मध्ये. चलनाच्या खुणा नावानिशी काढायच्या:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,"Rs.",""),"रु.",""),"₹",""),"/-","")
```

तिसरा टप्पा `F2` मध्ये, उरलेल्या मजकुराचा आकडा करायचा:

```
=IF(TRIM(E2)="","",NUMBERVALUE(E2,".",","))
```

`NUMBERVALUE` एक्सेल २०१३ पासून आहे. त्याला आपण स्पष्ट सांगतो की टिंब हे दशांशाचं आणि स्वल्पविराम हा गटाचा, त्यामुळे मशीनचा प्रदेश काहीही असला तरी उत्तर एकच येतं. साध्या मोकळ्या जागा ते स्वतःच ओलांडून जातं. पुढचा `IF` मुद्दाम घातलाय, कारण रिकाम्या मजकुराला `NUMBERVALUE` शून्य म्हणतं. रक्कम लिहायची राहिली असणं आणि रक्कम शून्य असणं या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिन्ही सूत्रं सातव्या ओळीपर्यंत ओढा. `F` रकान्यात १०४५००, ८६४००, ४२७५०, ९८००, ११२००० आणि -५२५० येतं. बेरीज ३,५०,२००.

एवढी एकेक खूण कशाला काढायची? अंक सोडून सगळं उडवणारं सूत्र सोपं नाही का?

सोपं आहे, आणि गुगल शीट्समध्ये तर एका ओळीत होतं. तरी पैशांच्या रकान्यावर मी ते वापरत नाही. माझ्या सूत्राला अनोळखी काही भेटलं तर ते अडखळतं. समजा पुढच्या महिन्यात कोणी `रू. 15,000` असं दीर्घ लिहिलं, तर `F` मध्ये `#VALUE!` येईल. मी थांबेन, ओळ बघेन, `E` च्या सूत्रात `रू.` ची भर घालेन. एका मिनिटाचं काम.

सगळं उडवणारं सूत्र अडखळतच नाही. `₹1.2 लाख` चे ते १.२ करील. `₹800-₹950` चे ८००-९५० असं काहीतरी करून ठेवील, किंवा वजाचिन्हही उडवलं असेल तर थेट ८,००,९५०. `₹950/500 ग्रॅम` चे ९,५०,५००. या सगळ्या ओळी माणसाने वाचूनच ठरवायच्या असतात. त्यांच्यावर `#VALUE!` आलं तर मला बरंच वाटतं. म्हणूनच सूत्राभोवती `IFERROR` गुंडाळून एररच्या जागी शून्य दाखवायची जी सवय असते, ती इथे कृपा करून सोडा. तिने पुन्हा तीच गत होते, ओळ बेरजेतून गळते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

मोकळी जागा काढली, TRIM लावलं, तरी तिसरी ओळ मजकूरच आहे. असं कसं?

कारण ती आपल्या स्पेसबारची मोकळी जागा नाही. चिन्ह एका ओळीत आणि रक्कम दुसऱ्या ओळीत अशी फाटाफूट होऊ नये म्हणून वेबपेज बनवणारे त्यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालतात. दिसायला दोन्ही सारख्याच. `TRIM` फक्त क्रमांक ३२ ची साधी जागा ओळखतं, ही क्रमांक १६० ची असते. शंका असेल तेव्हा त्या अक्षरालाच त्याचा क्रमांक विचारायचा:

```
=UNICODE(MID(C3,2,1))
```

हे `C3` मधलं दुसरं अक्षर तपासतं. उत्तर `32` आलं तर साधी जागा, `160` आलं तर वेबवाली. पहिल्या अक्षरावर हेच सूत्र चालवलं तर `8377` येईल, तो `₹` चा क्रमांक. मजकूर स्वच्छ दिसतोय आणि तरी आकडा होत नाही, असं झालं की `=LEN(E3)` करून लांबी मोजा. `86,400` ची लांबी सहा. सात आली तर कुठेतरी एक अक्षर लपलंय. मग `MID` मधला मधला आकडा १, २, ३ असा बदलत ते हुडकायचं.

परत आलेल्या मालाची रक्कम जमेत धरली जाते, वजा होत नाही.

तक्त्यातलं `−` हे कीबोर्डवरचं `-` नाही. ते थोडं लांब, छपाईतलं वजाचिन्ह आहे, क्रमांक ८७२२. कधी त्याच्या जागी ८२११ ची आडवी रेघ असते. एक्सेल त्याला वजा मानत नाही, आणि अंक सोडून सगळं उडवणाऱ्यांकडून ते चिन्ह उडून जातं, राहतो ५,२५० असा जमेचा आकडा. तेव्हा आपली बेरीज ३,५०,२०० च्या जागी ३,६०,७०० येते.

इथे जुन्या चोपडीवाल्यांची एक युक्ती कामाला येते. फरक निघाला १०,५००. त्याचं निम्मं केलं, ५,२५०. आता तक्त्यात ५,२५० शोधा. चिन्ह उलटलेली रक्कम फरकात नेहमी दुप्पट होऊन दिसते, म्हणून निम्मं करून शोधायची. सापडली तर दुसरं काही तपासत बसायची गरज नाही.

काही तक्त्यांत वजा रक्कम कंसात असते, `(5,250)` अशी. तिथे कंस उडवू नका. अशा ओळी थोड्याच असतात, त्या हातानेच वजाचिन्ह घालून लिहिलेल्या बऱ्या.

तक्त्यात देवनागरी आकडे आहेत. तेही असेच होतील का?

त्यांना सूत्राच्या भरवशावर सोडू नका, आधी इंग्रजी आकड्यांत आणा. मूळ रकान्याची एक प्रत काढा, ती निवडा आणि `Ctrl+H` दहा वेळा, `०` चा `0`, `१` चा `1`, असं `९` पर्यंत. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटांत होतं. काम सुरू करण्याआधी त्या प्रतीच्या रकान्याला `Text` स्वरूप द्या, म्हणजे अर्धवट बदललेल्या मजकुराचा एक्सेल मधेच भलता अर्थ लावणार नाही. मग वरचे तीन टप्पे.

आंब्याच्या तक्त्यात "4-5" डझनची पेटी होती, पेस्ट केल्यावर तारीख झाली. परत मिळेल का?

हा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचा दर सीझनचा प्रश्न. `4-5` दिसलं की एक्सेल त्याला तारीख समजतं. भारताच्या प्रदेशात ४ मे, अमेरिकेच्या प्रदेशात ५ एप्रिल. स्वरूप बदलून `Text` केलं तर ४-५ परत येत नाही, पाच आकडी संख्या दिसते. २०२५ साली पेस्ट केलेल्या ४ मे ची `45781`. तो एक्सेलने आतमध्ये ठेवलेला दिवसांचा हिशेब असतो.

हे मागाहून दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा पेस्ट करा. नवीन शीट घ्या, रकाने निवडून आधी `Text` स्वरूप द्या, आणि पेस्ट करताना `Match Destination Formatting` निवडा. आता सगळंच मजकूर म्हणून येईल, `9,800` सुद्धा. ते चांगलंच आहे, कारण मग सगळ्या ओळी एकाच वाटेने साफ होतात. रकमांच्या तक्त्यासाठीही मी हल्ली हेच करते.

गुगल शीट्समध्ये काय बदलावं लागेल?

पहिले दोन टप्पे तसेच चालतात. तिसऱ्या टप्प्याला हे लिहा:

```
=IF(TRIM(E2)="","",VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(E2,",","")," ","")))
```

स्वल्पविराम आणि मोकळी जागा आपणच काढल्याने त्यांच्यापुरता शीटचा प्रदेश आड येत नाही. तरीही `File` मधल्या `Settings` मध्ये जाऊन प्रदेश `India` आहे ना, ते एकदा बघा. दशांश टिंबाऐवजी स्वल्पविरामाने लिहिणाऱ्या एखाद्या देशाचा प्रदेश तिथे निवडलेला असेल तर टिंबाचाच अर्थ बदलतो.

साफ झाल्यावर मूळ रकाना काढला तर सगळीकडे #REF! आलं.

`F` रकाना अजून सूत्रांवर उभा आहे, आणि सूत्रं `C` वर. आधी `F` कॉपी करा, तिथेच `Paste Special` मधून `Values` निवडून पेस्ट करा, मग बाकीचे रकाने काढा. मी मात्र मूळ तक्ता वेगळ्या शीटवर जसाच्या तसा ठेवते. वेबपेजवरचा तक्ता पुढच्या महिन्यात बदललेला असतो, आणि वाद निघाला तर त्या दिवशी काय दिसत होतं हे तेवढ्याच शीटवर उरतं.

आता 350200 असं दिसतं. ₹3,50,200 असं पुन्हा दिसेल का?

दिसेल, पण ते चिन्ह टाइप करू नका. ते स्वरूपातून द्यायचं, म्हणजे आत आकडा आकडाच राहतो. रकाना निवडून `Ctrl+1`, मग `Custom`, आणि हे पेस्ट करा:

```
[>=10000000]"₹"##\,##\,##\,##0;[>=100000]"₹"##\,##\,##0;"₹"##,##0
```

कोटी, लाख आणि त्याखालच्या रकमा असे तीन भाग आहेत. अशा स्वरूपात दोनच अटी बसतात, त्यामुळे वजा रकमा तिसऱ्या भागात जातात. -५,२५० नीट दिसेल, पण वजा दीड लाख `150,000` च्या पाश्चात्त्य धाटणीने दिसेल. रक्कम बरोबरच असते, फक्त स्वल्पविराम हलतो. वजा रकमा मोठ्या आणि वारंवार येत असतील तर विंडोजच्या `Region` सेटिंगमधल्या `Additional settings` मध्ये `Digit grouping` हे `12,34,56,789` करा आणि एक्सेलमध्ये साधं `#,##0` वापरा. मात्र ती फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की स्वल्पविराम त्याच्या सेटिंगप्रमाणे पडतील.

सगळं झालं. बरोबर झालं हे कशावरून धरायचं?

मी तीन गोष्टी बघते. `=COUNT(F2:F7)` आणि `=COUNTA(C2:C7)` सारखे आले पाहिजेत, इथे दोन्ही सहा. मग परत आलेल्या मालाची वजा ओळ सोडून `=MIN(F2:F6)` आणि `=MAX(F2:F6)`. टिंबाने खाल्लेली ०.११२ किंवा फुगलेली ४२,७५,००० इथे लगेच उघडी पडते. आणि तिसरी, माझ्या सर्वांत भरवशाची. रकमेला किलोने भागायचं, `=F2/B2`. `W320` चे ९५०, `W240` चे १,०८०, पाकळीचे ७५०, कणीचे ४९०, `W210` चे १,१२०. परत आलेला माल -१,०५०. या धंद्यात बसलेल्या माणसाला प्रतीप्रमाणे चढता-उतरता दर तोंडपाठ असतो. पाकळी `W240` पेक्षा महाग दिसली, तर कुठलंही सूत्र न बघता कारखान्यातली बाईसुद्धा सांगेल की त्या ओळीत काहीतरी चुकलंय. वेबपेजवर खाली एकूण रक्कम दिलेली असेल तर ती हाताने एका चौकटीत लिहा आणि आपल्या बेरजेतून वजा करा. शून्य आल्यावरच मी मालकांना फोन लावते.